सीझनच्या तोंडावर माल कमी, सीझन सरल्यावर माल पडून: तीन महिन्यांच्या सरासरीची दुरुस्ती

लक्षण: पुढच्या महिन्याचा माल मागवताना तुम्ही मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढता. एरवी गाडी बरी चालते, पण सीझन सुरू होताना माल हमखास कमी पडतो आणि सीझन संपताना हमखास उरतो. दरवर्षी तेच होतं. सरासरी सहा महिन्यांची करून पाहिली तर प्रकार आणखी बिघडतो.

बेरीज-भागाकारात चूक नसते. सरासरी मुळातच मागे बघते. मागचे तीन महिने मंदीचे असतील तर ती मंदीचाच आकडा देणार, समोर सीझन उभा असला तरी. म्हणून आधी जुन्या आकड्यांतून सीझनचा चढउतार बाजूला काढायचा, जे उरेल त्याची सरासरी घ्यायची आणि शेवटी ज्या महिन्याचा अंदाज हवा त्या महिन्याचा चढउतार परत लावायचा. स्प्रेडशीटमध्ये ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे. खरा वेळ जातो तो आकडे साफ करण्यात.

पुढे उन्हात घालायच्या टोपीचं उदाहरण घेतो. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांची चाल अशा वस्तूंची असते तशीच ठेवली आहे.

आधी नोंदी साफ करा

ऑर्डरच्या नोंदींवरून महिनावार नग काढा. ऑर्डर आली ती तारीख धरा, माल पाठवल्याची किंवा पैसे जमा झाल्याची नको. महिन्याच्या शेवटी आलेली ऑर्डर पुढच्या महिन्यात रवाना होते आणि सीझनच्या तोंडावर अशा ऑर्डरींचा ढीग चुकीच्या महिन्यात जाऊन बसतो. नोंदीच्या शीटवर A मध्ये तारीख, B मध्ये नग आणि D मध्ये प्रत्येक महिन्याची पहिली तारीख असेल, तर E मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=SUMIFS(B:B, A:A, ">="&D2, A:A, "<"&EDATE(D2,1))
```

हा झाला कच्चा आकडा. तो थेट वापरू नका. शेजारच्या F स्तंभात दुरुस्त आकडा लिहा आणि पुढचं सगळं गणित F वर करा. कच्चा आकडा पुसायचा नाही. सहा महिन्यांनी 'इथे मी काय बदललं होतं?' हा प्रश्न पडतोच.

सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती माल संपलेल्या दिवसांची. नोंदवहीत दिसते ती विक्री, मागणी नव्हे. आपल्या उदाहरणात एप्रिल २०२४ चा कच्चा आकडा १८३ आहे. पण तारखा उघडून पाहिल्या तर २६ तारखेपर्यंत रोज ऑर्डर आहेत आणि नंतरचे चार दिवस कोरे. त्या चार दिवसांत गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, माल नव्हता. म्हणून १८३ ला २६ ने भागायचं, रोजचे साधारण ७.०४ नग येतात, त्याला ३० ने गुणायचं. दुरुस्त आकडा २११.

हा बदल वाटतो त्याहून मोलाचा आहे. १८३ तसाच ठेवला तर एप्रिलचा सीझन खरा होता त्यापेक्षा बारीक दिसतो, पुढच्या एप्रिलसाठी माल कमी मागवला जातो, तो पुन्हा संपतो आणि नोंदीत पुन्हा छोटाच आकडा येतो. चूक स्वतःलाच पोसत राहते. 'आमच्याकडे एप्रिलमध्ये दरवर्षी एवढंच जातं' असं म्हणणाऱ्याने आधी त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या तारखा बघाव्यात.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. कोरे दिवस शनिवार-रविवारचे असतील आणि तुमचा माल सुट्टीच्या दिवशीच जास्त खपत असेल, तर रोजची सरासरी कमी पडेल. अशा वेळी आधीच्या शनिवार-रविवारांचीच सरासरी लावा. दुसरं, वाट बघू शकणारं गिऱ्हाईक चार दिवस थांबून पुढच्या महिन्यात घेतं, म्हणजे मेच्या आकड्यात थोडा एप्रिल मिसळलेला असू शकतो. आणि महिन्यातले पंधरा-वीस दिवस कोरे असतील तर हे गुणाकार-भागाकार करूच नका, तो महिना सरळ गाळा. एखाद्या महिन्याचा माहितीतला खड्डा परवडतो, कल्पनेने भरलेला डोंगर परवडत नाही.

दुसरी दुरुस्ती एकरकमी मोठ्या ऑर्डरची. ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्चा आकडा १९० होता, पण त्यातले ६० नग एकाच ऑर्डरचे. बाकी कुठल्याही ऑर्डरमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त नग नाहीत. हे ६० वजा करून १३० धरायचे. ती ऑर्डर पुन्हा येईल असं वाटत असेल तर गिऱ्हाइकाला विचारून तिचा अंदाज वेगळा लिहा, सरासरीत मात्र घुसवू नका. नाहीतर पुढच्या वर्षी ऑक्टोबर आला की शीट तुम्हाला उगाच जास्त माल घ्यायला लावेल आणि का लावतेय हे कळणारही नाही.

रद्द झालेल्या ऑर्डरचा नियम सोपा आहे. माल वेळेत नाही म्हणून रद्द झाली असेल तर ती मागणी होती, मोजा. गिऱ्हाइकाचा विचार बदलला असेल तर मोजू नका.

हंगामी गुणांक काढा

आता प्रत्येक महिन्याला विचारायचं: तुझी विक्री त्या वर्षाच्या सरासरी महिन्याच्या किती पट? हे उत्तर म्हणजे हंगामी गुणांक. २०२३ मध्ये एकूण १२०० नग गेले, म्हणजे सरासरी महिना १०० चा. त्या एप्रिलमध्ये १८० गेले, तेव्हा गुणांक १.८०. २०२४ मध्ये दुरुस्तीनंतर १४४० गेले, सरासरी १२०. एप्रिल २११, गुणांक १.७६. दोन्ही वर्षांची सरासरी घेतली की १.७८. बाकीचे महिनेही असेच.

| महिना | २०२३ | २०२४ | गुणांक |
|---|---|---|---|
| जानेवारी | ६० | ७७ | ०.६२ |
| फेब्रुवारी | ८४ | ९८ | ०.८३ |
| मार्च | १३२ | १६६ | १.३५ |
| एप्रिल | १८० | २११ | १.७८ |
| मे | १६८ | २०९ | १.७१ |
| जून | ९६ | ११० | ०.९४ |
| जुलै | ६० | ६७ | ०.५८ |
| ऑगस्ट | ६० | ७४ | ०.६१ |
| सप्टेंबर | ८४ | ९६ | ०.८२ |
| ऑक्टोबर | १०८ | १३० | १.०८ |
| नोव्हेंबर | ८४ | १०१ | ०.८४ |
| डिसेंबर | ८४ | १०१ | ०.८४ |

शीटमध्ये २०२३ चा जानेवारी दुसऱ्या ओळीत असेल तर G मध्ये त्या-त्या वर्षाची पट आणि H मध्ये दोन वर्षांची सरासरी अशी येते:

```
G2:   =IF(F2="","",F2/AVERAGE(F$2:F$13))
G14:  =IF(F14="","",F14/AVERAGE(F$14:F$25))
H2:   =AVERAGE(G2,G14)
```

बारा गुणांकांची बेरीज १२ च्या आसपास आली पाहिजे. इथे बरोबर १२.०० येते. ११.४ किंवा १२.७ असं काही आलं तर सूत्रातल्या ओळी चुकल्यात, किंवा एखादा महिना गाळलेला आहे. गाळलेल्या महिन्याच्या जागी शून्य बसलं तर मात्र बेरीज १२ च राहते आणि चूक दिसत नाही. शून्य आणि रिकामा चौकोन यांत स्प्रेडशीट फरक करते: `AVERAGE` रिकाम्याला सोडून देतं, शून्याला मोजतं. गाळायचा महिना रिकामा ठेवा.

अंदाज काढा

मे २०२५ संपलाय, जूनचा माल मागवायचा आहे. मार्चमध्ये १७८, एप्रिलमध्ये २४० आणि मेमध्ये २२२ टोप्या गेल्या. जुन्या पद्धतीने सरासरी २१३ आणि तेवढ्याच मागवल्या जातात. हाच तो दरवर्षी उरणारा माल.

आता प्रत्येक महिना त्याच्या गुणांकाने भागा. मार्च १७८ ÷ १.३५ = १३२, एप्रिल २४० ÷ १.७८ = १३५, मे २२२ ÷ १.७१ = १३०. बघा, वरवर १७८ ते २४० असे उड्या मारणारे आकडे सीझन काढून घेतल्यावर किती शांत झाले. धंद्याची खरी पातळी सध्या महिन्याला १३२ च्या आसपास आहे आणि एप्रिलची उसळी ही वाढ नव्हती, उन्हाळा होता. या तिघांची सरासरी १३२ हा आपला पाया. त्याला जूनच्या ०.९४ ने गुणलं की १२४.

```
=AVERAGE(F28/H4, F29/H5, F30/H6)*H7
```

२१३ आणि १२४. जूनमध्ये प्रत्यक्षात गेल्या ११८.

एका महिन्यावरून पद्धत पारखू नये, म्हणून मागचे तीन महिनेही त्या-त्या वेळी हातात असलेल्या आकड्यांवरूनच तपासू. जानेवारी २०२५ मध्ये ८० आणि फेब्रुवारीत १०८ गेल्या होत्या. त्यावरून मार्चचा अंदाज १७१ येतो (खरी विक्री १७८), एप्रिलचा २३२ (खरी २४०) आणि मेचा २२६ (खरी २२२). जून धरून चार महिन्यांत चूक सरासरी सहा नगांची. साध्या सरासरीने मार्चला ९६ आणि एप्रिलला १२२ सांगितलं असतं, म्हणजे सीझनच्या ऐन भरात निम्माच माल.

तपासणीत आणखी एक प्रतिस्पर्धी ठेवाच: 'गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढे गेले तेवढेच'. हा फुकटचा अंदाज आहे आणि तो अनेकदा चांगला निघतो. जून २०२४ मध्ये ११० गेल्या होत्या, त्यामुळे त्याची जूनमधली चूक फक्त आठची. चारही महिन्यांत मात्र त्याची सरासरी चूक पंधरा-सोळा येते, कारण धंदा वाढलाय हे त्याला कळत नाही. तुमच्या वस्तूत गुणांकांची पद्धत या फुकटच्या अंदाजाला हरवत नसेल तर ती वापरण्यात अर्थ नाही. नोंदींत काहीतरी गडबड आहे, किंवा त्या वस्तूला पुरेसा इतिहास नाही.

गुणांक लावूनही अंदाज सारखा एकाच बाजूला चुकतो

एक महिना वर, एक महिना खाली अशी चूक होत असेल तर ठीक आहे, ते चालायचंच. सलग चार-पाच महिने खरी विक्री अंदाजापेक्षा जास्तच (किंवा कमीच) येत असेल तर मात्र पाया मागे राहतोय. वाढत्या धंद्यात तीन महिन्यांची सरासरी म्हणजे दीड-दोन महिन्यांपूर्वीची पातळी. तेव्हा शेवटच्या महिन्याला दुप्पट वजन द्या: जुन्या दोन महिन्यांचा एकेक भाग, ताज्या महिन्याचे दोन, आणि बेरजेला चारने भागा. याहून जास्त वजन देऊ नका, नाहीतर एका बऱ्या आठवड्यावर सगळा अंदाज नाचायला लागतो.

आपल्याच उदाहरणात आणखी एक खोड दडलेली आहे. डिसेंबर २०२४ चे १०१ त्याच्या गुणांकाने भागले तर १२० येतात, आणि लगेच पुढच्या जानेवारीचे ८० भागले तर १२९. नवीन वर्ष लागताच पातळी नऊने उडी मारते हे संशयास्पद आहे. कारण असं: धंदा वर्षभर हळूहळू वाढत असेल तर डिसेंबर हा वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसतो तो काही अंशी फक्त वर्षाच्या शेवटी आल्यामुळे, आणि जानेवारी कमी दिसतो तो सुरुवातीला असल्यामुळे. ही वाढ गुणांकात सीझन म्हणून शिरते. डिसेंबरचा गुणांक फुगतो, जानेवारीचा आकसतो. मार्चच्या अंदाजात सात नग कमी आले त्याचं एक कारण हेच, त्या सरासरीत डिसेंबरचे १२० होते.

उपाय: महिन्याला कॅलेंडर वर्षाच्या सरासरीने न भागता, तो महिना मध्यभागी येईल अशा बारा महिन्यांच्या सरासरीने भागायचं. जुलै २०२३ साठी जानेवारी २०२३ चा अर्धा आकडा, फेब्रुवारी ते डिसेंबर पूर्ण आणि जानेवारी २०२४ चा पुन्हा अर्धा. ३० + ११४० + ३८.५ = १२०८.५, भागिले १२ म्हणजे १००.७. जुलैचे ६० त्याने भागले की ०.५९६. दोन टोकांना अर्धे-अर्धे घेतल्यामुळे प्रत्येक महिना एकदाच मोजला जातो आणि जुलै बरोबर मध्ये राहतो.

किंमत अशी की सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने या गणितातून निसटतात. दोन वर्षांच्या नोंदींत प्रत्येक महिन्याला एकच गुणांक मिळेल, दोनदा ताडून बघायचा तर तीन वर्षं लागतात. वर्षाची वाढ दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी या फंदात पडत नाही. वीस टक्क्यांपुढे मात्र फरक दिसायला लागतो.

नोंदी एकाच वर्षाच्या आहेत, किंवा वस्तू थोडीच खपते

एका वर्षावरून काढलेला गुणांक म्हणजे त्या वर्षी जे झालं ते, सीझन असेलच असं नाही. त्या मार्चमध्ये पाऊस पडला असेल, तुम्ही सूट दिली असेल, काहीही. आणि महिन्याला सात-आठ नग खपणाऱ्या वस्तूत दोन गिऱ्हाइकांनी इकडचं तिकडे केलं की गुणांक पाव पटीने हलतो.

इथे वस्तूचा नाद सोडून गटाकडे जा. टोपीचे पाच रंग आणि तीन मापं असतील तर पंधरा वेगळे गुणांक काढू नका. सगळ्या टोप्यांची बेरीज करा, तिच्यावरून बारा गुणांक काढा आणि तेच प्रत्येक रंगाला लावा. पाया मात्र ज्याचा त्याचा: निळ्या मोठ्या टोपीचा पाया तिच्याच तीन किंवा सहा महिन्यांवरून. उन्हाळा निळ्याला वेगळा आणि राखाडीला वेगळा नसतो, त्यामुळे हे उसनं घेणं रास्त आहे. गट करताना एवढं बघा की वस्तू एकाच कारणाने खपत असाव्यात. उन्हाची टोपी आणि लोकरीची टोपी 'टोप्या' म्हणून एकत्र घातल्या तर दोघींचे सीझन एकमेकांना खाऊन टाकतील आणि बाराही गुणांक एकच्या आसपास येतील. गुणांक असे संशयास्पद सपाट दिसले की आधी गटाची फोड करून बघा.

सीझन एका महिन्यातून दुसऱ्यात सरकतो

चांद्र तारखेवर चालणारा सण एका वर्षी एका महिन्यात, दुसऱ्या वर्षी पुढच्या महिन्यात येतो. अशा वस्तूत दोन वर्षांची सरासरी घेतली की एकाच शिखराच्या जागी दोन बुटक्या टेकड्या तयार होतात आणि दोन्ही महिन्यांत अंदाज चुकतो. तिथे महिन्याने मोजणं सोडा. सणाआधीचे सहा आठवडे आणि नंतरचा एक असे आठवडे धरून नोंदी लावा, प्रत्येक आठवड्याचा गुणांक काढा आणि यंदाच्या तारखेला ती पट्टी आणून लावा. सूट दिल्यामुळे आलेली उसळीही अशीच वेगळी काढावी लागते. यंदा सूट देणार नसाल तर तो महिना दुरुस्त करूनच गुणांकात घ्या.

अंदाज बरोबर, तरी माल उशिरा

पुरवठादाराकडून माल यायला चाळीस दिवस लागत असतील तर मेअखेरीस जूनचा अंदाज काढून काही उपयोग नाही, तो माल जुलैत पोहोचणार. मेअखेरीस जुलैचाच अंदाज काढा. पाया तोच, १३२, फक्त गुणांक जुलैचा: १३२ × ०.५८ = ७७. हातातली शिल्लक आणि वाटेवर असलेला माल यांच्या बेरजेतून जूनचे १२४ वजा करा. जे उरेल ते जुलैच्या ७७ मधून वजा केलं की आता किती मागवायचे ते कळतं. यातली पहिली वजाबाकी उणे आली तर तेवढा माल जूनमध्येच कमी पडणार आहे आणि चाळीस दिवसांत येणारी ऑर्डर तो भरून काढू शकत नाही.

वर राखीव किती ठेवायचा हे तुमच्याच चुकांवरून ठरवा. चार महिन्यांत सरासरी चूक सहाची होती, तेव्हा मार्चसाठी मागवताना दहा-बारा जास्त घेतले तर हरकत नाही, उरले तरी एप्रिलमध्ये जातील. जुलैसाठी मागवताना मी एकही जास्त घेणार नाही, उलट पाच-सात कमीच घेईन. जुलैत उरलेली टोपी पुढच्या मार्चपर्यंत सावकाश खपत राहते, आणि तेवढे महिने तिच्यात पैसे अडकून पडतात.